सही जुळत नाही, एवढंच मेमो सांगतो

काका, नमस्कार. धायरीत आमचा किचन ट्रॉलीचा लहान कारखाना आहे. बावधनच्या एका ग्राहकाचं काम पूर्ण करून १,८४,००० रुपयांचा चेक घेतला, तारीख ५ मे. तो १२ मेला सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या बँकेत भरला. त्याच संध्याकाळी परत आल्याचा मेसेज आला. १६ तारखेला मेमो आणला, त्यावर 'ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स' लिहिलंय. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, हे टेक्निकल आहे, बाऊन्स नाही, केस होत नाही. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'सही जरा वेगळी झाली असेल, पुढच्या आठवड्यात तोच चेक परत टाका.' आमच्या खात्यातून चार्जेस मात्र कापले. मिस्टर म्हणतात, सहीचाच प्रश्न आहे, पैशांचा नाही, थांबू या. आज २४ मे. काय करू?
— एक वाचक, धायरी

ताई, तोच चेक पुढच्या आठवड्यात परत टाकून काय होणार, याचा आधी विचार करा. चेकवरची सही शाईने केलेली आहे. तुमच्या कपाटात आठवडाभर पडून ती बदलणार नाही. बँकेकडच्या नमुन्याशी ती १२ तारखेला जुळली नाही, तर ३० तारखेलाही जुळणार नाही. ती जुळायची तर ग्राहकाने स्वतः आपल्या बँकेत जाऊन सहीचा नमुना नव्याने द्यायला हवा, नाहीतर तुम्हाला नव्या चेकवर नीट सही करून द्यायला हवी. या दोन्हींपैकी काहीच न करता 'तोच चेक परत टाका' असं कोणी म्हणत असेल, तर त्यातून फक्त दिवस जातात. तुमच्या बाबतीत दिवसच सगळ्यात महाग आहेत. त्यांचा हिशोब पुढे मांडतो.

आता मेमो समोर घ्या. कारणाच्या आधी किंवा बाजूला बहुधा १२ हा आकडा असेल. हा त्या कारणाचा कोड. चेक परत करण्याची कारणं देशभरातल्या बँकांसाठी ठरवून दिलेली आहेत आणि प्रत्येकाला नंबर आहे. शिल्लक अपुरी असेल तर ०१, खातेदाराने पेमेंट थांबवलं असेल तर २०, खातं बंद असेल तर ५०. ग्राहकाच्या बँकेतला अधिकारी स्वतःच्या शब्दांत काही लिहीत नाही, त्या यादीतून एक कारण निवडतो. तुमच्या हातातला कागद छापला तुमच्या बँकेने, पण त्यावरचं कारण तुमच्या बँकेचं नाही, ग्राहकाच्या बँकेचं आहे. म्हणून काउंटरवरच्या मुलाला 'असं का झालं' विचारून उपयोग नाही. त्यालाही तुमच्याइतकंच दिसतं.

ते कारण निवडलं कसं जातं, हे मी जवळून पाहिलंय. बँकेत पासिंगच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. हल्ली कागदाचा चेक शहरभर फिरत नाही. तुमच्या बँकेने तो स्कॅन केला, त्याचं चित्र ग्राहकाच्या बँकेकडे गेलं, मूळ कागद तुमच्या बँकेतच राहिला. तिकडे अधिकाऱ्यासमोर स्क्रीनवर एका बाजूला चेकचं चित्र असतं आणि दुसऱ्या बाजूला खातं उघडताना घेतलेल्या सहीचा नमुना. नमुना कधीकधी पंधरा-पंधरा वर्षांचा जुना असतो. माणसाने तेव्हा आडनावासकट पूर्ण सही केलेली असते आणि आता त्याची एक रेघ आणि दोन टिंबं उरलेली असतात. एका निवृत्त शिक्षिकेचे चेक माझ्याकडे असेच यायचे. हाताच्या कंपामुळे सहीचं शेवटचं अक्षर खाली घसरायचं. आम्ही त्यांना बोलावून नवा नमुना घेतला आणि प्रश्न तिथे संपला. तेव्हा खरोखर सही चुकलेली माणसं असतात, आणि तुमचे ग्राहक त्यांतले असू शकतात, हे मी मनापासून मान्य करतो.

पण त्याच टेबलावर दुसरीही गोष्ट दिसायची. एका खात्यावर वीजबिलाचे, सोसायटीचे, लहानसहान चेक सुरळीत पास व्हायचे, सही अगदी छापल्यासारखी. आणि त्याच माणसाने एका मोठ्या रकमेच्या चेकवर केलेली सही मात्र ओळखू येणार नाही इतकी वेगळी. कारण मी लिहायचो तेच, सही जुळत नाही. खात्यात किती पैसे आहेत हे मेमोवर येत नसे, कारण मेमोवर जे लिहिलं जातं ते चेक नाकारण्याचं कारण असतं, खात्याची हकीकत नसते. सहीवर चेक नाकारला की शिल्लक दोन लाख होती की दोनशे रुपये, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. मिस्टर म्हणतात 'पैशांचा प्रश्न नाही', ते कदाचित खरं असेल. पण मेमो तसं म्हणत नाही. तो त्याबद्दल काहीच म्हणत नाही. आणि ग्राहकाची बँक तुम्हाला त्यांची शिल्लक सांगणारही नाही, ते गोपनीय असतं.

मग ओळखायचं कसं? तुमच्यासारख्या धंद्यात काम सुरू करताना ॲडव्हान्स घेतात. तो चेकने घेतला असेल आणि त्याचा फोटो काढून ठेवला असेल तर आत्ताच शोधा. वटलेल्या त्या चेकवरची सही आणि या चेकवरची सही शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिलं अक्षर कसं सुरू होतं, पेन कुठे उचललंय, खालची रेघ डावीकडून आली की उजवीकडून, एवढं पाहिलं तरी पुरे. दोन्ही सह्या सारख्याच असतील तर एक वटला आणि दुसरा का नाही, हा प्रश्न ग्राहकाला सभ्यपणे विचारता येतो. दोन्ही अगदी वेगळ्या असतील तर काही महिन्यांत सही एवढी का बदलली, हे त्यांनी सांगायला हवं. दुसरी कसोटी त्याहून सोपी. त्यांना आज लिहा, 'सहीची अडचण असेल तर चेक राहू द्या, रक्कम एनईएफटी करा, खाते क्रमांक आणि आयएफएससी सोबत देत आहे.' दोन लाखांच्या आतली रक्कम आरटीजीएसने जात नाही, म्हणून एनईएफटी. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि फक्त सही चुकली आहे, त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे. दोन दिवसांत काय उत्तर येतं, त्यावरून तुम्हाला मेमोपेक्षा जास्त कळेल.

आता 'केस होत नाही' या वाक्याकडे येतो, कारण त्यावर विसंबून मी लोकांचे पैसे बुडताना पाहिलेत. त्या मुलाने ते मनाने रचलेलं नाही. चेक न वटण्याचा गुन्हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये आहे आणि तिथे शब्दशः दोनच कारणं लिहिली आहेत: खात्यात पुरेशी रक्कम नसणं, किंवा बँकेशी ठरलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम जास्त असणं. सहीचा उल्लेख नाही. म्हणून वर्षानुवर्षं असं बोललं गेलं की सही जुळली नाही तर ते तांत्रिक. पण सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ हळूहळू रुंद केला. १९९८ मध्ये पेमेंट थांबवल्याबद्दल आणि १९९९ मध्ये खातं बंद केल्याबद्दल न्यायालयाने सांगितलं की हेही कलम १३८ मध्ये बसू शकतं. २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य या निकालात न्यायालयाने सही न जुळण्यालाही त्याच रांगेत बसवलं. मुद्दा सरळ आहे. चेक देणाऱ्यानेच केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टीमुळे तो वटला नसेल, तर बँकेने कारणाला कोणतं नाव दिलं यावर त्याची सुटका होत नाही. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. नोटीस मिळाल्यावर पैसे भरण्याची संधी त्याला असते, आणि खरोखर चूक झालेला माणूस तेव्हा पैसे देऊन मोकळा होतो. म्हणजे तुम्ही नोटीस पाठवली तर प्रामाणिक ग्राहकावर अन्याय होत नाही. त्याला पंधरा दिवस मिळतात.

खरं 'टेक्निकल' म्हणावं अशी कारणं वेगळी असतात, आणि ती बहुधा चेक हातात घेतानाच दिसू शकतात. तारीखच नाही, तारखेला तीन महिने होऊन गेले, अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी, खाडाखोड. अशा चेकवर नवा चेक मागून घेणं हाच उपाय. तुमचा चेक त्यांतला नाही.

आता दिवसांचा हिशोब. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाली त्या दिवसापासून तीस दिवसांत ग्राहकाला लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. तुम्हाला मेमो १६ मेला मिळाला, पण मेसेज १२ मेलाच आला होता. 'माहिती मिळाली' म्हणजे मेसेज की मेमो, यावर समोरच्या वकिलाला वाद घालायला जागा देऊ नका. तारीख १२ मेच धरा. तो दिवस सोडून १३ मे हा पहिला दिवस, मे महिन्याचे १९ दिवस आणि जूनचे ११. म्हणजे तुमची शेवटची तारीख ११ जून. आज २४ मे आहे, अठरा दिवस उरलेत. ग्राहकाचा 'पुढचा आठवडा' आणि मग त्याच्या पुढचा आठवडा, एवढ्यात हे अठरा दिवस संपतील. कोर्टात तक्रार दाखल करायला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून माफी मिळू शकते. नोटीसला उशीर झाला तर ती मिळत नाही. म्हणून मी तुम्हाला सांगेन, २९ मेपर्यंत त्यांच्या उत्तराची वाट पाहा, आणि जूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत नोटीस पोस्टात टाका.

समजा ती ६ जूनला त्यांना मिळाली. मग त्यांना २१ जूनपर्यंत पैसे भरायची मुदत. नाही भरले तर २२ जूनपासून एक महिन्याच्या आत तक्रार दाखल करायची. तुमचं खातं सिंहगड रस्त्यावरच्या शाखेत आहे, त्यामुळे २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही तक्रार पुण्यातच चालते. ग्राहकाची बँक नाशिकची असती तरी तुम्हाला नाशिकला जावं लागलं नसतं.

तोच चेक परत टाकण्याबद्दल एक गोष्ट मी लपवणार नाही. कायद्याने ते चालतं. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिने, म्हणजे तुमचा चेक ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, पुन्हा भरता येतो, आणि तो पुन्हा परत आला तर नव्या माहितीपासून नवे तीस दिवस मिळतात, हे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. त्यामुळे ११ जून हुकली तरी एक दार उघडं राहतं. पण ते दार चेकच्या मुदतीबरोबर बंद होतं, आणि दरवेळी चार्जेस लागतात. परत टाकायचाच असेल तर ग्राहकाकडून आधी एवढं लिहून घ्या की बँकेत सहीचा नमुना बदलला आहे, आणि कोणत्या तारखेला.

नोटीस वकिलाकडून घेतलेली बरी. आणि पाठवण्यापूर्वी तुम्ही स्वतः त्यातली रक्कम वाचा. १,८४,००० म्हणजे १,८४,०००. तुमचं एकूण बिल कदाचित जास्त असेल, वरचं लॉफ्टचं काम, एखादा चॅनेल बदलल्याचे पैसे. ते सगळं मिळवून एकच आकडा मागू नका. चेकची रक्कम वेगळी आणि ठळक लिहा, बाकी काही येणं असेल तर ते स्वतंत्र वाक्यात. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटीसमधला आकडा चेकच्या रकमेशी तंतोतंत जुळला पाहिजे, टायपिंगची चूक हेही कारण ऐकलं जाणार नाही. एका शून्याच्या गफलतीने सगळा दावा कोसळू शकतो. चेक क्रमांकही चेकवरून पाहून लिहा. खालच्या पट्टीतले पहिले सहा आकडे तोच क्रमांक, आणि तो मेमोवरच्या क्रमांकाशी जुळतो का तेही बघा. नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, चेकवरच्या खातेदाराच्या नावाने. पत्ता तुम्ही जिथे ट्रॉली बसवल्या तो आणि दुसरा माहीत असेल तर तोही. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आलं तरी योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस मिळाली असंच साधारणपणे धरलं जातं. ते पाकीट न फोडता ठेवा.

आता त्यांचा तो व्हॉट्सॲप मेसेज. तुम्हाला तो टाळाटाळ वाटतो, पण मला त्यात तुमचा सगळ्यात चांगला पुरावा दिसतो. सही न जुळलेल्या चेकवर पुढे हमखास घेतला जाणारा बचाव असा, की 'ही सही माझी नाहीच, चेक चोरीला गेला होता.' तुमच्या ग्राहकाने स्वतः लिहून दिलंय की 'सही जरा वेगळी झाली असेल'. म्हणजे सही आपलीच आहे आणि चेक भरायला आपणच सांगतोय, हे त्यांनी कबूल केलं. तो मेसेज पुसू नका, त्या नंबरवरचं आधीचं बोलणंही नाही. काम झाल्यावर त्यांनी पाठवलेला फोटो किंवा 'काम छान झालं' असं काही असेल तर ते या चेकमागचं देणं खरं आहे हे दाखवतं. फोन बदलणार असाल तर थांबा, मूळ फोन हातात असलेला बरा. कोर्टात असे मेसेज दाखल करताना प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील करून देतील.

मेमोवर बँकेचा शिक्का आणि सही किंवा अद्याक्षरं आहेत का? कलम १४६ प्रमाणे चेक नाकारल्याची अधिकृत खूण असलेला मेमो कोर्टात दाखवला की चेक वटला नाही हे गृहीत धरलं जातं. खूण नसलेल्या नुसत्या प्रिंटआउटवर तुम्हाला नंतर हेलपाटे पडतील. सोमवारी शाखेत जा, शिक्का मारून घ्या, आणि मूळ चेक मेमोसोबत मिळालाय ना ते पाहा. स्कॅनसाठी तो त्यांच्याकडेच राहिला असेल तर मागून घ्या. त्याच खेपेला चार्जेसचा अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेची सूचना आहे की चेक परत येण्याला ग्राहक स्वतः जबाबदार असेल तेव्हाच त्याच्याकडून चार्जेस घ्यावेत. सही तुम्ही केली नव्हती. अर्जात चेक क्रमांक, १२ हा कोड आणि कापलेली रक्कम लिहून पोच घ्या. शाखेने नाही म्हटलं तर तेही लेखी मागा.

आणि ग्राहकाने नवा चेक दिला तर तो जरूर घ्या, फक्त त्यावरची तारीख नोटीसच्या मुदतीनंतरची, म्हणजे ११ जूननंतरची असेल तर जुना चेक आणि मेमो परत देऊ नका. 'नवीन देतोय, जुना द्या' असं ते म्हणतील आणि ते म्हणणं वाजवीही वाटेल. नवा चेक वटून रक्कम खात्यात दिसली की त्याच दिवशी जुना परत करते, असं लिहून पाठवा.